नाहीतर काय?

वीस मिनिटं मिळाली होती. तालुक्याच्या गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज, शनिवारची दुपार, लॅबमध्ये पस्तीस-चाळीस मुलंमुली आणि कुरकुरणारे पंखे. कॉलेजच्या कोडिंग क्लबनं बोलावलं होतं आणि विषय मीच सुचवला होता: लिहिलेला कोड चालवण्याआधी तो ओळीओळीनं मोठ्यानं वाचायचा. क्लबच्या सेक्रेटरीनं फोनवर दोनदा विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्ही नक्की काय दाखवणार?" मी म्हटलं, "मी काही दाखवणार नाही, तुम्हालाच वाचायला लावणार." त्यावर तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "प्रोजेक्टर लागेल ना?"

प्रोजेक्टर लागला. पडद्यावर मी दहा ओळी टाकल्या. वर्गातल्या मुलांच्या गुणांची यादी घ्यायची आणि त्यातले सर्वांत जास्त गुण आणि दुसऱ्या क्रमांकाचे गुण शोधायचे, एवढंच काम. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तो झोपेतही येतो.

```python
marks = [72, 91, 65, 91, 88]
first = 0
second = 0
for m in marks:
    if m > first:
        first = m
        second = first
    elif m > second:
        second = m
print(first, second)
```

ज्यांनी कधी कोड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. `first` आणि `second` हे दोन डबे आहेत असं समजा. एका डब्यात एका वेळी एकच आकडा मावतो. नवा टाकला की जुना गेला. `for` पासून फेरी सुरू होते. यादीतला एकेक आकडा उचलायचा, त्याला त्या फेरीपुरतं `m` म्हणायचं आणि खालच्या आत सरकवलेल्या ओळी त्याच्यावर चालवायच्या. `if` म्हणजे जर, `elif` म्हणजे "ते नसेल आणि जर". यादी संपली की शेवटची ओळ दोन्ही डब्यांतले आकडे पडद्यावर छापते.

"बरोबर आहे का?" मी विचारलं. पाच-सहा सेकंद शांतता, आणि मग मागच्या बाकावरून अपेक्षित वाक्य आलं: "मॅडम, रन करून बघूया ना."

केलं रन. पडद्यावर आलं `91 91`. पुन्हा यादीकडे पाहिलं तर 91 खरोखरच दोन जणांना आहेत. पहिले 91, दुसरे 91. सगळ्यांच्या माना डोलल्या. कोड पास झाला.

मग मी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला उठून वाचायला सांगितलं. ती सगळे वाचतात तसंच वाचू लागली: "फॉर एम इन मार्क्स, इफ एम ग्रेटर दॅन फर्स्ट, फर्स्ट इक्वल टू एम, सेकंड इक्वल टू फर्स्ट..." अगदी सुरेख, एका दमात. कुठेही अडखळली नाही आणि तिच्यासकट कुणालाच काही खटकलं नाही. म्हटलं, आता हेच मराठीत वाच, आणि `=` ला "इक्वल टू" म्हणायचं नाही.

इथे आपल्या भाषेचा एक फायदा आहे आणि तो मला बऱ्याच उशिरा कळला. `first = m` हे इंग्रजीच्या चालीवर डावीकडून उजवीकडे वाचलं की ते गणितातल्या समीकरणासारखं ऐकू येतं: दोन बाजू सारख्या आहेत म्हणे. पण संगणक तिथे काही सांगत नसतो, काही करत असतो. आधी उजवी बाजू पाहतो, तिथला आकडा घेतो आणि मग डावीकडच्या डब्यात ठेवतो. मराठीत सहज बोललं तर हाच क्रम तोंडात येतो: "m घे आणि first मध्ये ठेव." काय ठेवायचं ते आधी, कुठे ते नंतर, आणि क्रियापद शेवटी. `x = x + 1` ही ओळ गणित म्हणून वाचली तर वेडेपणा वाटते. "x मध्ये एक मिळव आणि आलेलं उत्तर परत x मध्येच ठेव" असं म्हटलं की शाळेतल्या मुलालाही कळते.

तर ती मुलगी वाचू लागली, आणि दुसऱ्या एकाला मी फळ्यावर दोन चौकोन काढून खडू दिला. तिनं म्हणायचं, त्यानं भरायचं.

"पहिला आकडा 72. 72 हा first पेक्षा, म्हणजे शून्यापेक्षा, मोठा आहे का? आहे. 72 घे, first मध्ये ठेव." फळ्यावर पहिल्या चौकोनात 72. "आता first मधलं घे, second मध्ये ठेव." खडूवाला दुसऱ्या चौकोनात काहीतरी लिहायला गेला आणि थांबला. "first मधलं म्हणजे... 72च ना?" तिनं पडद्याकडे पाहिलं. "हो, 72च." आणि मग स्वतःच म्हणाली, "अगं बाई, जुनं गेलं की."

गेलंच होतं. पहिल्या क्रमांकाला नवा मानकरी आला की जुन्यानं दुसऱ्या जागी सरकायचं, असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं. पण नव्याला आधी खुर्चीवर बसवलं आणि मग "खुर्चीवर जो आहे त्याला शेजारी बसवा" म्हटलं. खुर्चीवर आता नवाच होता. दोन ओळींची नुसती अदलाबदल झाली होती.

मी तिला तिथेच थांबू दिलं नाही. पुढचे आकडे वाचून घेतले. 91 आला, दोन्ही चौकोनांत 91. 65 आला, मोठा नाही, `elif` वर गेली, "65 हा second पेक्षा मोठा आहे का? नाही." दुसरा 91, तोही नाही. 88, नाही. शेवटचा आकडा झाल्यावर खडूवाला म्हणाला, "मॅडम, ही elif खालची ओळ आलीच नाही." यादीभर एकदाही आली नव्हती. मी म्हटलं, कुठली यादी दिली तर येईल? आता सगळा वर्ग विचारात पडला. दोन्ही चौकोन सुरुवातीला शून्य, म्हणजे सारखे. बदलतात तेव्हा दोन्ही एकदमच बदलतात, म्हणजे पुन्हा सारखेच. जो आकडा first पेक्षा मोठा नाही तो second पेक्षा मोठा असणार कुठून? ती ओळ कोडमध्ये आहे, दिसते, पण तिथपर्यंत पोचायला रस्ताच नाही. हा प्रोग्रॅम कुठलीही यादी दिली तरी सर्वांत मोठा आकडा दोनदा छापणार.

मग आम्ही त्या दोन ओळी उलट केल्या:

```python
    if m > first:
        second = first
        first = m
```

आणि पुन्हा रन केलं. पडद्यावर आलं `91 91`. वर्ग हसला. चुकीचा कोड आणि सुधारलेला कोड, दोघांचं उत्तर अक्षरशः एकच. या यादीवर रन करून दोघांतला फरक सात जन्मात कळला नसता. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी यादी मुद्दाम तशी निवडली होती. दुसऱ्या 91 च्या जागी 90 असते तर चुकीच्या कोडनं 91 91 छापलं असतं आणि कुणाच्या तरी लगेच लक्षात आलं असतं. पण तेव्हाही "काहीतरी चुकलंय" एवढंच कळलं असतं. कुठे चुकलंय ते शोधायला परत ओळीओळीनंच जावं लागलं असतं.

तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "पण मॅडम, दुसऱ्या क्रमांकाचे गुण 91 की 88?" त्याचं उत्तर मी तेव्हा पुढे ढकललं.

आता थोडं छापखान्याकडे वळते. माझे वडील मुद्रितशोधक होते. त्यांच्या शेजारी एक कॉपी होल्डर बसायचा. मूळ हस्तलिखित त्याच्या हातात, छापलेलं प्रूफ वडिलांच्या समोर. तो एकसुरी आवाजात वाचायचा, आणि नुसते शब्द नव्हे, "स्वल्पविराम, अवतरण सुरू, पूर्णविराम, अवतरण बंद, नवा परिच्छेद" असं सगळं. लहानपणी मला ते मंत्र म्हटल्यासारखं वाटायचं. वडील म्हणायचे, ज्यानं लिहिलं त्याच्याकडून प्रूफ तपासून घेऊ नये. तो कागदावरचं वाचत नाही, आठवणीतलं वाचतो.

कोडचं तसंच होतं. आपणच लिहिलेल्या दहा ओळींवरून नजर फिरवताना डोळे ओळखीच्या आकारांवर उडी मारत जातात आणि मधलं मन भरून काढतं. तोंडाला उडी मारता येत नाही. एकेक शब्द उच्चारावा लागतो, वेग कमी होतो आणि जिथे मनातलं आणि कागदावरचं जुळत नाही तिथे जीभ अडखळते. त्या अडखळण्याकडे लक्ष ठेवायचं. "हे म्हणजे..." असं म्हणून आपण जिथे थांबतो, किंवा "इथे ते नेहमीचंच आहे" म्हणून जी ओळ गाळतो, बहुधा तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

पण कॉपी होल्डरचं वाचन आणि त्या मुलीचं दुसरं वाचन ही दोन वेगळी वाचनं आहेत, आणि माझ्या मते दोन्ही लागतात. पहिलं अक्षरवाचन: कंस उघडा, कंस बंद, दोन बरोबरची चिन्हं, चार जागा आत. यात टंकनाच्या चुका सापडतात, `=` च्या जागी `==`, एका ठिकाणी `marks` तर दुसऱ्या ठिकाणी `mark`. दुसरं अर्थवाचन: ही ओळ काय करते ते आपल्या शब्दांत. तर्काची चूक फक्त यात सापडते. ती मुलगी पहिल्यांदा अस्खलित वाचून गेली ते अक्षरवाचन होतं, आणि त्या वाचनाला सगळं बरोबरच होतं.

पायथन भाषेत अक्षरवाचन करताना ओळ किती आत सरकलेली आहे हेही म्हणावं लागतं, कारण कुठली ओळ फेरीच्या आत आणि कुठली बाहेर हे त्या मोकळ्या जागेवरच ठरतं. `print` चार जागा आत गेला तर प्रत्येक आकड्यानंतर छापत बसेल. म्हणून "आता फेरीच्या बाहेर आलो" असं स्पष्ट म्हणायची सवय लावायची. दृष्टिहीन प्रोग्रॅमर तर कोड कायम ऐकूनच वाचतात, आणि त्यांच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ओळ किती आत आहे ते शब्दांत किंवा सुरांतून सांगायची सोय आहे. आपण डोळस लोक जे बघितल्यासारखं करतो ते त्यांना दर ओळीला ऐकावं लागतं.

अर्थवाचनाला एके काळी मोठ्या कंपनीत रीतसर पद होतं. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी 1976 मध्ये कोड तपासण्याची एक शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या बैठकीत चार जण पुरेत: एक बैठक चालवणारा, आराखडा करणारा, कोड लिहिणारा आणि पुढे चाचणी घेणारा. यांच्यापैकी एक वाचक. त्यानं समोरचं स्वतःच्या शब्दांत सांगत जायचं, तर्काचा एकही तुकडा न गाळता आणि प्रत्येक फाट्यावर निदान एकदा तरी वळून. बाकीच्यांनी ऐकायचं आणि अडवायचं. दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, कारण नंतर कान थकतात. आणि चूक सापडली की नोंदवायची, तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचं नाही. हा शेवटचा नियम मुलांना पटत नाही. चूक दिसली की त्यांचे हात शिवशिवतात, दुरुस्तीत दहा मिनिटं जातात आणि पुढच्या ओळी वाचायच्या राहूनच जातात.

यातलं "प्रत्येक फाट्यावर" हे शब्द महत्त्वाचे. त्यासाठी मी मुलांना एक छोटी युक्ती सांगते. प्रत्येक "जर"नंतर मोठ्यानं "नाहीतर?" असं विचारायचं. उत्तर लिहिलेलं असेल तर वाचायचं. लिहिलेलं नसेल तर गप्प बसायचं नाही. "नाहीतर काहीच नाही" असं मोठ्यानं म्हणायचं आणि आपण आता कुठल्या ओळीवर जाणार तेही म्हणायचं. बालिश वाटतं. मुलांनाही वाटलं. म्हणून मी त्यांना झूनची गोष्ट सांगितली.

झून हा मायक्रोसॉफ्टचा गाणी ऐकायचा खिशातला यंत्रसंच, ॲपलच्या आयपॉडशी टक्कर द्यायला 2006 च्या अखेरीस अमेरिकेत आलेला. 31 डिसेंबर 2008 ला त्यातले 30 जीबीचे जुने संच एकाच दिवशी बंद पडले. चालू करायला गेलं की सुरुवातीच्या चित्रावरच अडकायचे. कंपनीनं सांगितलेला उपाय असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या, 1 जानेवारीला ग्रीनिचची दुपार टळू द्या आणि मग चार्ज करून चालू करा. आणि खरोखर चालू झाले.

दोष घड्याळ सांभाळणाऱ्या कोडमध्ये होता. यंत्राला फक्त 1980 च्या सुरुवातीपासून किती दिवस झाले एवढंच ठाऊक असतं. त्यावरून साल काढायचं म्हणजे दर वर्षाचे दिवस वजा करत जायचं. तो भाग साधारण असा होता:

```c
while (days > 365) {
    if (IsLeapYear(year)) {
        if (days > 366) {
            days -= 366;
            year += 1;
        }
    } else {
        days -= 365;
        year += 1;
    }
}
```

मी वर्गातल्या दोघांना हे वाचायला लावलं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रत्येक "जर"ला "नाहीतर?" विचारायचं.

"दिवस 365 पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा." पुढे. "जर वर्ष लीप असेल..." "नाहीतर?" "नाहीतर 365 वजा कर, वर्ष एकानं वाढव." ठीक. "लीप असेल, आणि जर दिवस 366 पेक्षा जास्त असतील, तर 366 वजा कर, वर्ष वाढव." "नाहीतर?" वाचणाऱ्यानं पडद्यावर बोट फिरवलं. "नाहीतर... काहीच नाही." "मग कुठल्या ओळीवर?" "परत वर. while वर." "दिवस किती?" "तेवढेच." "वर्ष?" "तेवढंच."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "366 असेल तर अडकणार." बरोबर 366 च. 366 हा 365 पेक्षा जास्त आहे म्हणून फेरीत शिरायचं. 366 पेक्षा जास्त नाही म्हणून काही करायचं नाही. काही बदललं नाही म्हणून पुन्हा शिरायचं. लीप वर्षाचा 366 वा दिवस म्हणजे 31 डिसेंबर. झून बाजारात आल्यानंतरचं पहिलं लीप वर्ष 2008, आणि त्यातला तो एकच दिवस. त्याआधीच्या कुठल्याही दिवशी कोड चालवला असता तर उत्तर अचूक आलं असतं. लीप वर्षाची चाचणी घ्यायची म्हणून कुणी 29 फेब्रुवारी घालून पाहिला असता तरी बिनचूक आलं असतं, कारण तो वर्षाचा साठावा दिवस, फेरीत शिरण्याचा प्रश्नच नाही. आतल्या `if` ला "नाहीतर बाहेर पड" एवढं जोडलं, म्हणजे एक `else` आणि एक `break`, की काम भागतं.

हे कोड मोठ्यानं वाचलं असतं तर चूक सापडलीच असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. नुसतं वरवर वाचलं असतं तर नसती सापडली. आत सरकवलेल्या ओळी इतक्या नीटनेटक्या दिसतात की दुसऱ्या "जर"ची "नाहीतर" बाजू रिकामी आहे हे जाणवतच नाही, खालचा `else` बघून समाधान होतं. त्या मुलानं विचारलं म्हणून ते रिकामपण कानावर आलं.

काठावरचे आकडे तोंडी घ्यायची सवय मात्र महाराष्ट्रातल्या मुलांना शिकवावी लागत नाही. मी पडद्यावर `if marks > 35:` लिहिलं, खाली `print("pass")`. एकानं वाचलं, "गुण पस्तीसपेक्षा जास्त असतील तर पास." तीन-चार आवाज एकदम आले: "आणि काठावरचे?" पस्तीस म्हणजे पास हे ज्याच्या रक्तात आहे त्याला `>` आणि `>=` यांतला फरक समजावून सांगायला नको. डोळ्यांना ती दोन चिन्हं जवळजवळ सारखी दिसतात; "पस्तीसपेक्षा जास्त" आणि "पस्तीस किंवा जास्त" मात्र सारखं ऐकू येत नाही. `range(1, 10)` चंही असंच. पायथन त्यात 1 पासून 9 पर्यंतच जातो. मराठीत "1 ते 10" म्हटलं की दहा आलेच, म्हणून ते तसं वाचलं की फसगत ठरलेली. "1 पासून, 10 च्या अलीकडेपर्यंत" असं वाचायचं.

इथपर्यंत वर्ग माझ्या बाजूनं झाला होता, म्हणून मग मी त्यांना ही युक्ती कुठे तोंडघशी पाडते ते दाखवलं.

```python
if ans == "y" or "Y":
    print("ठीक")
```

वाचणाऱ्या मुलानं खणखणीत वाचलं: "उत्तर छोटा वाय किंवा मोठा वाय असेल तर ठीक छाप." सगळ्यांना पटलं. मी रन केलं, उत्तर म्हणून `n` दिलं. आलं "ठीक". `abc` दिलं. "ठीक."

आपली जीभ फार समजूतदार आहे, हीच अडचण. "चहा किंवा कॉफी असेल तर द्या" यातलं "असेल" दोघांना लागू आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पायथनला असलं काही कळत नाही. तो `or` च्या दोन्ही बाजू सुट्या पाहतो. डावीकडे एक प्रश्न: उत्तर छोटा वाय आहे का? उजवीकडे नुसतं एक अक्षर, आणि रिकामं नसलेलं अक्षर त्याच्या हिशेबी कायम "हो". म्हणजे अट कधी खोटी होतच नाही. अर्थवाचन करताना आपण वाक्य सुरेख करायला गेलो आणि लिहिणाऱ्याची चूक आपणच बोलता बोलता दुरुस्त करून टाकली. यावर माझा उपाय ओबडधोबड आहे: "किंवा" आणि "आणि" आले की दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य म्हणायचं. "उत्तर छोटा वाय असेल, किंवा... मोठा वाय." मोठा वाय काय? क्रियापदच नाही. तिथे थांबायचं. ओघवतं वाचणाऱ्यापेक्षा रटाळ वाचणारा इथे बरा.

आणखी एका गोष्टीपुढे मोठ्यानं वाचणं हतबल आहे. जे आपल्याला ठाऊकच नाही ते कितीही हळू वाचलं तरी कळत नाही. `a = input()` आणि `b = input()` लिहून `a + b` छापलं की नवशिका वाचतो, "दोन आकडे घे, बेरीज छाप." 2 आणि 3 दिले तर पायथन 23 छापतो, कारण `input()` आकडा देत नाही, अक्षरं देतो आणि अक्षरांची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी ठेवणं. ज्याला हे माहीत नाही त्याची जीभ तिथे अडखळायला कारणच नाही. म्हणून वाचून झालं की काय छापलं जाईल ते आधी कागदावर लिहायचं आणि मगच रन करायचं. वाचलेलं आणि आलेलं जुळलं नाही तर एक तर वाचण्यात चूक किंवा माहितीत खोट, आणि कुठल्या ओळीपाशी ते शोधायला आता हातात एक निश्चित अंदाज असतो. नुसतं रन करणाऱ्याकडे तोही नसतो.

प्रयोगवहीत ड्राय रन लिहायला लावतात तो हाच प्रकार, असं एक शिक्षक शेवटच्या रांगेतून म्हणाले. खरं आहे. फक्त ड्राय रन बहुधा रन झाल्यानंतर, उत्तर बघून, वहीत भरला जातो. हे म्हटल्यावर मुलं जरा जास्तच हसली आणि शिक्षकही.

किती ओळी वाचायच्या, हाही प्रश्न आला. हजार ओळी कुणीच वाचत बसणार नाही. आज जे वीस-पंचवीस ओळींचं नवं लिहिलं किंवा बदललं तेवढंच वाचायचं. शक्यतो दुसऱ्याला वाचायला द्यायचं आणि लिहिणाऱ्यानं नुसतं ऐकायचं. दुसऱ्याच्या तोंडून आपला कोड ऐकताना "नाही नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं" असं आपण पटकन बोलून जातो. ते वाक्य तोंडून निघालं की ती ओळ चुकली आहे असं समजायचं, मग ती चालत का असेना. होस्टेलच्या खोलीत रात्री एकट्यानं बसलेल्यानं पुटपुटत वाचलं तरी चालतं.

वीस मिनिटांची पन्नास झाली होती. आवरायला घेतलं तर मघाचा तो मुलगा उभाच होता. "मॅडम, 91 की 88?"

दोन जणांना 91 असतील तर 88 वाला दुसरा की तिसरा? कोड वाचून याचं उत्तर मिळत नाही. "दुसऱ्या क्रमांकाचे गुण" हे शब्द मराठीतच दोन अर्थांचे आहेत आणि लिहिणाऱ्यानं तो प्रश्न स्वतःला विचारलेलाच नव्हता. 88 हवे असतील तर `elif m > second and m != first` असं लिहावं लागेल, आणि हे मोठ्यानं वाचलं की ठरवलेली गोष्ट ऐकू येते: "second पेक्षा मोठा असेल, आणि first एवढा नसेल." लॅबमध्ये दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, दोघं पहिले आले म्हणजे पुढचा तिसरा, खेळातही असंच असतं. उरलेल्यांचं म्हणणं, बक्षीस दुसरं राहिलंच की. कुणीतरी म्हणालं, आपल्या कॉलेजच्या गुणवत्ता यादीत काय करतात ते ऑफिसात विचारून येऊ. दोघं धावत गेले आणि परत आले. शनिवार असल्यामुळे ऑफिसला कुलूप होतं.